परदेशी शिक्षण सल्लागाराची जाहिरात: व्हिसाची हमी न देता विश्वास बसेल असा मथळा सुचवा

मुक्ता_सां
नमस्कार मंडळी. सांगलीत माझं छोटं जाहिरातीचं काम आहे, फ्लेक्सपासून गूगलपर्यंत जे येईल ते करते. सध्या एका परदेशी शिक्षण सल्लागाराचं काम हातात आहे. ते फक्त जर्मनीचं बघतात, तेही बहुतेक इंजिनियरिंग झालेल्या मुलांचं एम.एस. विश्रामबागला एक फ्लेक्स, वर्तमानपत्रात पाव पान आणि गूगलवर जाहिरात, तिन्हीकडे एकच मथळा चालवायचा आहे.

मालकांनी स्वतः दिलेला मथळा असा: "जर्मनी व्हिसा १००%! आजच भेटा." मी हे करणार नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "ताई, समोरचा १०० टक्के लिहितो. मी 'प्रयत्न करू' लिहिलं तर पालक माझ्याकडे कशाला येतील?" त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. नरम मथळा नकोय मलाही.

मी काढलेल्या ओळी:

१. व्हिसा दूतावास देतो, तयारी आम्ही करून घेतो.
२. तुमचं जर्मनीचं स्वप्न, आमचा अनुभव.
३. आमचे ९५% विद्यार्थी आज जर्मनीत! (आकडा मालकांचा)
४. व्हिसा नाही, तर फी नाही.

यातलं काय चालेल, काय नाही, आणि का? नवीन सुचलं तर उत्तमच.

लिंबूटिंबू
चौथी! बाकी तिन्ही वाचून विसरलो पण. चौथीत दम आहे.

रेघोटी
ताई, कायद्याचं आधी बघून घ्या. १०० टक्के वगैरे लिहायला आता थेट बंदी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खात्रीशीर निवड, खात्रीशीर प्रवेश असले दावे चालत नाहीत. तुमच्या सल्लागारालाही तेच लागू.

गणपा_मिरज
भाच्याचा कॅनडाचा व्हिसा दोनदा नाकारलाय. तुमचे हे लोक कॅनडाचं करतात का? खात्रीने करून देत असतील तर नंबर द्या.

खडूस_काका
गणपाभाऊ, धाग्याचा मथळा परत एकदा वाचा. "खात्रीने करून देत असतील तर" याच वाक्यामुळे हा धागा निघालाय.

रेघोटी, तुमचं अर्धं बरोबर आहे. २०२४ च्या त्या तत्त्वांमध्ये 'कोचिंग'च्या व्याख्येतून समुपदेशन वगळलेलं आहे आणि पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना ती लागू होतात. म्हणजे हे सल्लागार जर्मन भाषेचे मोठे वर्ग चालवत असतील तर तेवढा भाग त्यात येऊ शकतो, नुसता सल्ला देत असतील तर त्याचा आधार घेऊ नका. मात्र त्यामुळे सुटका होत नाही. जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची तत्त्वं सगळ्यांनाच लागू आहेत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळेला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, आहेच. तिथे कुणीही तक्रार करू शकतो, शेजारचा स्पर्धकसुद्धा. तोच बहुधा करतो.

मुक्ताताई, आयुष्य एजन्सीत गेलंय म्हणून दोन शब्द. मालकाला "१००% लिहू नका" सांगून उपयोग नसतो, त्याच वजनाचं दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं. १०० टक्क्यात वजन कशाचं आहे? पालकाला वाटतं, हा माणूस स्वतःला बांधून घेतोय. मग तुमच्या मथळ्यातही मालकाने स्वतःला बांधून घेतलेलं दिसलं पाहिजे, फक्त ज्या गोष्टी त्याच्या हातात आहेत त्यांच्यापुरतं. व्हिसा त्याच्या हातात नाही. पण तो काय तपासतो, कधी सांगतो, पैसे कधी घेतो आणि कधी परत देतो, हे सगळं त्याच्या हातात आहे.

या हिशेबाने तुमची दुसरी ओळ बाद. तिच्यात कुणीच कशाला बांधलेलं नाही. ती लग्नाच्या हॉललाही चालेल.

लिंबूटिंबू
"तुमच्या लेकीचं स्वप्न, आमचा अनुभव. एसी हॉल, पार्किंगची सोय." खरंच चालतंय की काका 😂

ड्रेस्डेनकर
इथे ड्रेस्डेनमध्ये शिकतोय, मूळचा कराडचा. जर्मनीचं म्हणून लिहितो.

पहिली ओळ बरी आहे, पण "तयारी" म्हणजे काय ते पालकाला कळणार नाही. जर्मनीच्या बाबतीत तयारी म्हणजे ठरलेल्या चार-पाच गोष्टी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमची पदवी आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत याची दिल्लीत पडताळणी. त्याची फी १८,००० रुपये. मग विद्यापीठांचे अर्ज, त्यातले बरेच युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राचे बरेच अर्ज १५ जुलैपर्यंत असतात, काही विद्यापीठांचे त्याच्या खूप आधीच बंद होतात. प्रवेश आला की ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, वर्षाचे ११,९०४ युरो, रुपयांत बारा लाखांच्या आसपास धरा. मग आरोग्य विमा आणि व्हिसा अर्ज, त्याची फी ७५ युरो.

आता चौथी ओळ बघा. "व्हिसा नाही, तर फी नाही." कुठली फी? सल्लागाराची माफ होईल. एपीएसचे १८,००० गेले ते गेलेच. युनि-असिस्टचे गेले. व्हिसाची फी परत मिळत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधली रक्कम मात्र नकाराचं पत्र दाखवून परत मिळते, खातं उघडून देणाऱ्याचे काही शुल्क वजा होऊन. रस्त्यावरून जाणारा पालक "फी नाही" वाचून सगळंच परत येणार असं समजतो.

गोदाकाठ
माझी स्वतःची कन्सल्टन्सी आहे, नाशिकला. व्हिसा नाही तर फी नाही, हे आम्ही काही काळ करून बघितलं आणि बंद केलं. कारण पैशाचं नव्हतं. फी व्हिसावर टांगली की ऑफिसातल्या माणसाचं डोकं वेगळं चालायला लागतं. मुलाला कुठला कोर्स बरा, यापेक्षा कुठल्या फाईलला प्रश्न कमी येतील, हे बघितलं जातं. वाईट ऑफिसात तर कागद "नीट करून" द्यायलाही सुरुवात होते. आणि एपीएसला खोटा कागद सापडला तर मुलाचा रस्ता तिथेच बंद.

मात्र तिसऱ्या ओळीबद्दल माझं मत वेगळं आहे. आकडा खरा असेल, फाईली दाखवायची तयारी असेल, तर यशाचं प्रमाण का लिहू नये? चांगलं काम करणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं आणि फेकणाऱ्याने फ्लेक्स लावायचे?

खडूस_काका
गोदाकाठ, मुद्दा मान्य, पण भागिले काय ते सांगा.

समजा ५० मुलं पहिल्या भेटीला आली. २० जण कागद बघून गळले. ३० जणांनी एपीएस केलं. त्यातल्या २४ जणांना प्रवेश आला. २० जणांनी व्हिसासाठी अर्ज केला, १९ जणांना मिळाला. २० पैकी १९, म्हणजे ९५ टक्के. फाईली दाखवल्या तरी खरंच निघेल. पण चौकातून जाणारा पालक पन्नासांतला आहे, विसांतला नाही, आणि पन्नासांतले पोहोचले १९, म्हणजे ३८ टक्के. तो ९५ वाचून आत येतो. जाहिरातीतला एकेक शब्द खरा आणि समज मात्र खोटा, यालाच दिशाभूल म्हणतात.

शिवाय मुक्ताताईंच्या ओळीत "आज जर्मनीत" आहे. व्हिसा मिळालेली सगळी मुलं आज जर्मनीत आहेत, हे मालक कसं सिद्ध करणार?

गोदाकाठ
मग "व्हिसासाठी अर्ज केलेल्यांपैकी" असं लिहा, वर्ष लिहा, संख्या लिहा. "२०२५: व्हिसा अर्ज २०, मंजूर १९." यात काय खोटं आहे? पन्नासातले वीस गळले, कारण कुणाकडे पैसे नव्हते, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला पुण्यात नोकरी लागली. त्याचा दोष सल्लागाराला का लावायचा?

खडूस_काका
असं लिहिलं तर माझी हरकत बरीच कमी होईल. मथळ्यात नको, आत ऑफिसात भिंतीवर लावा.

गोदाकाठ
भिंतीवर लावून कोण येतंय आत, काका. असो. इथे आपलं जमणार नाही.

इचलकरंजीची_आई
मी जाहिरातवाली नाही, पण लिहावंसं वाटलं. आमच्या मुलाचं मागच्या वर्षी झालं. डिप्लोमा आणि मग इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत गेलो, दारावरच मोठ्ठं "१००% व्हिसा". त्यांनी एका खाजगी कॉलेजात मॅनेजमेंटच्या कोर्सला घातलं. प्रवेश आठवड्यात आला, आम्ही खूश. फी भरली, पैसे अडकवले. व्हिसा नाकारला. पत्रात शिकण्याच्या हेतूबद्दल शंका आहे असं होतं. नंतर मुलाच्याच ओळखीच्या दोघांची मोटिव्हेशन लेटरं बघितली तर नाव आणि कॉलेज सोडून परिच्छेद तेच.

आम्हाला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं, की "काकू, हा कोर्स याच्या डिग्रीला लागत नाही, उत्तर देता येणार नाही", तर आम्ही त्याच माणसाकडे फी भरली असती. खरं सांगते. १०० टक्केवाल्याने आम्हाला एकही प्रश्न विचारला नव्हता, तेव्हाच शंका यायला हवी होती.

ड्रेस्डेनकर
काकू, वाईट वाटलं. एक शक्यता सांगतो. इथल्या सरकारी विद्यापीठांत विद्यार्थी आणून दिल्याबद्दल एजंटला कमिशन मिळत नाही. खाजगी कॉलेजांपैकी बरीच देतात. सल्ला मोफत म्हणणारा खाजगीच सुचवत असेल तर आधी "तुम्हाला पैसे कोण देतं?" हे विचारावं. खाजगी सगळी वाईट नाहीत, पण हे माहीत असावं.

मुक्ताताई, तुमच्या कामाची अजून एक गोष्ट. "नकार आला तरी अपील करून देऊ" असं बरेच जण जाहिरातीत लिहायचे. पूर्वी नकारानंतर महिन्याच्या आत दूतावासाकडेच लेखी फेरविचार मागता यायचा, त्याला पैसे पडत नसत. १ जुलै २०२५ पासून तो मार्ग जगभर बंद केला आहे. आता एक तर नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. जुन्या माहितीपत्रकातून ही ओळ उचलू नका.

मुक्ता_सां
बापरे, त्यांच्या जुन्या पत्रकात खरंच आहे ती ओळ. काढते.

काकू, तुमचा प्रतिसाद मालकांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण "१००%" चा हट्ट सुटल्यासारखा वाटला.

काका, मालकाने स्वतःला कशात बांधायचं, हे मी कसं शोधू? त्यांना विचारलं तर "आम्ही पर्सनल लक्ष देतो" म्हणतात.

खडूस_काका
विचारू नका. त्यांच्या ऑफिसात एक दुपार बसा आणि पहिल्या भेटीत प्रत्यक्ष काय होतं ते बघा. वही घेऊन. मालकाचं बोलणं लिहू नका, समोर बसलेल्या पालकाचे प्रश्न आणि तिथल्या माणसाची उत्तरं लिहा. निम्मे मथळे तिथेच पडलेले असतात.

रेघोटी
तोवर एक विचारतो. मोठ्या अक्षरात "व्हिसा हमखास*" आणि खाली "अटी लागू" लिहिलं तर? सगळे लिहितात.

खडूस_काका
सगळे लिहितात म्हणून चालतं असं नाही. २०२२ च्या तत्त्वांमध्ये खुलाशाच्या ओळीबद्दल स्पष्ट लिहिलंय. खुलाशाने मूळ दाव्याचं स्पष्टीकरण करावं, दाव्याच्या उलट बोलू नये. "हमखास" आणि "हमखास नाही" एकाच कागदावर, हे उलटच झालं. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. मराठी मथळा आणि तळाला बारीक इंग्रजी, हे चालत नाही. अक्षरांच्या बाबतीतही तेच, मथळा ठसठशीत आणि खुलासा मुंगीएवढा असं नको. चांदणीने वाचवायला लागावं असा मथळाच करू नये.

आणि शब्द गेले तरी चित्रं दावा करतात, तेही बघा. पासपोर्टवरचा व्हिसा, त्यावर "पुढचा नंबर तुमचा!" ही हमीच झाली, शब्द न वापरता. शिवाय व्हॉट्सॲपवर मुलांच्या पासपोर्टचे फोटो फिरतात त्यात नंबर दिसत असतो, ते वेगळंच.

लिंबूटिंबू
आमच्या गल्लीत एक आहे, पाटीवर "सरकारमान्य" लिहिलंय.

गोदाकाठ
शॉप ॲक्टचा दाखला असेल, नाहीतर जीएसटी नंबर. दुकान चालवायची नोंदणी आहे ती, व्हिसाच्या कामाला सरकारने दिलेली मान्यता नव्हे. "दूतावासमान्य" लिहिणारेही बघितलेत. दूतावास असा कुणाला परवाना देत नाही. इथे मी आणि काका एकाच बाजूला.

मुक्ता_सां
काल दुपारी जाऊन बसले. लांबलचक लिहितेय, गोड मानून घ्या.

तिथे समुपदेशनाला एक मॅडम आहेत, मालक फारसे समोर येत नाहीत. जतहून एक वडील आणि मुलगा आले होते. मेकॅनिकलचा मुलगा, सीजीपीए ६.२. वडिलांचा पहिलाच प्रश्न, "तुमची फी किती?" मॅडम म्हणाल्या, "बसा हो. आधी कागद बघू, मग फीचं बोलू." आणि गुणपत्रिका पुढे ओढली.

मग त्यांनी मुलासमोरच कागदावर गणित केलं. १० मधून ६.२ वजा, ३.८. दहातून पासाची रेषा ४ वजा, ६. भागाकार, गुणिले ३, अधिक १. आलं २.९. म्हणाल्या, "जर्मनीत १ उत्तम आणि ४ काठावर पास. तुझे २.९. तू लिहून आणलेल्या यादीतल्या या तीन कोर्सना २.५ किंवा त्याहून चांगले लागतात. तिथे अर्ज करून पैसे घालवू नकोस." आणि तीन नावांवर काट मारली. मुलाचा चेहरा पडला. मग यादीत नसलेली दोन नावं त्यांनी लिहिली, तिथे गुणांची अट सैल आहे म्हणून.

वडील म्हणाले कर्ज मंजूर होतंय. मॅडमनी विचारलं, "बँक पैसे कधी सोडणार, व्हिसाच्या आधी की नंतर?" वडिलांना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मंजुरीचं पत्र म्हणजे खात्यात पैसे नव्हेत. ब्लॉक्ड अकाउंट व्हिसाच्या अर्जाआधी भरलेलं लागेल. बँकेकडून हे लिहून आणा, मग पुढचं." तेही कागदावर लिहिलं. त्या कागदाची एक प्रत वडिलांना दिली, एक फाईलला लावली. वडील जाताना फीबद्दल विचारायलाच विसरले, दारातून परत आले.

मला वाटतं मथळा मॅडमनीच दिलाय:

आधी कागद बघू, मग फीचं बोलू.

खालची ओळ: "जर्मनीत शिकायचंय? तुमचं काम कुठे अडेल, ते पहिल्याच भेटीत लेखी देतो. व्हिसाचा निर्णय जर्मन अधिकाऱ्यांचा."

खडूस_काका
झालं काम. याला हात लावू नका.

"कुठे अडेल ते लेखी देतो", इथे मालक बांधला गेला. "जमेल की नाही ते सांगतो" असं लिहिलं असतं तर पालकाने "जमेल" म्हणजे व्हिसा येईल असंच धरलं असतं. "अडेल" मध्ये ती भानगड नाही. आणि निर्णय कुणाचा हे खालच्या ओळीतच असल्यामुळे चांदणीही नको.

मात्र आता तो कागद द्यावाच लागेल, प्रत्येकाला, गर्दीच्या दिवशीही. मॅडम रजेवर असतील तेव्हा कोण देणार? हे मालकाला आधी विचारा. नाही दिला तर हीच ओळ खोटी जाहिरात.

ड्रेस्डेनकर
मॅडमचं गणित बरोबर आहे, फक्त पासाची रेषा त्या मुलाच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर जी असेल तीच धरायची. कुठे ४ असते, कुठे ५. ५ धरली तर त्याच ६.२ चे जवळजवळ ३.३ होतात, आणि मग नव्याने लिहिलेल्या दोन कोर्सचंही परत बघावं लागेल. त्यांना एवढं सांगा.

मुक्ता_सां
सांगितलं. त्या म्हणाल्या गुणपत्रिकेच्या मागे बघूनच ४ धरले होते. मला ते दिसलं नाही, कारण मी कोपऱ्यात बसले होते.

गोदाकाठ
मथळा सुंदर आहे, पण धंद्याचं बोलतो. फुकट कागद बघायचा, काट मारून लेखी द्यायचं, आणि पालक तोच कागद घेऊन समोरच्या दुकानात जाणार. तिथला म्हणणार, "यांनी काट मारली का? आम्ही करून देतो." आमच्याकडे हे रोज होतं.

मुक्ता_सां
मालकांनी शब्दशः हेच विचारलं. मी म्हटलं काही जातीलच. मॅडम म्हणाल्या, जाणारे तसेही जातातच, आणि त्यातले काही नंतर नकाराचं पत्र घेऊन परत येतात. मालक अजून कुंपणावरच आहेत. पहिल्या भेटीला थोडी रक्कम घेऊन ती पुढे फीमधून वळती करायची, असं त्यांच्या मनात आहे.

खडूस_काका
मग मथळा मोडला की! "मग फीचं बोलू" म्हणायचं आणि दारातच पैसे घ्यायचे? नाही चालणार. घ्यायचे असतील तर मथळा बदला.

गोदाकाठ
किंवा कागद बघणं फुकट आणि लेखी प्रत फी भरल्यावर. आम्ही तोंडी सांगतो, लेखी देत नाही.

इचलकरंजीची_आई
लेखीच पाहिजे. तोंडी आम्हालाही खूप सांगितलं होतं.

लिंबूटिंबू
गूगलवर बसेल का एवढं? तिथे मथळ्याला ३० अक्षरांचीच जागा आहे ना?

मुक्ता_सां
बसतंय. तिथे काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजतात, तरी शेवटचा टिंब सोडून २६ होतात. "व्हिसा" या एकाच शब्दाला सहा लागतात, म्हणून तो मथळ्यात नसल्याचा फायदाच झाला. "व्हिसाचा निर्णय जर्मन अधिकाऱ्यांचा" वर्णनात टाकलंय, तिथे ९० ची मर्यादा आहे.

फ्लेक्सचं मात्र अडलंय. गाडीवरून जाताना दुसरी ओळ कुणी वाचत नाही. नुसता मथळा, "जर्मनीत उच्च शिक्षण" आणि फोन नंबर एवढंच ठेवलं तर निर्णयाची ओळ गाळली म्हणून अडचण येईल का?

रेघोटी
माझ्या मते ओळ हवीच. उगाच कशाला जोखीम.

खडूस_काका
मथळ्यात व्हिसाचा दावाच नाही, तेव्हा तो झाकायला खुलाशाची गरज नाही. फ्लेक्सवर नसली तरी चालेल. पाव पानात मात्र ठेवा आणि तिथे वाचता येईल एवढी ठेवा. आणि चित्रात विमान नको.

मुक्ता_सां
विमान मालकांना हवंच आहे, त्यावर अजून वाद चालू आहे. मी तो मॅडमनी काट मारलेला कागद, नावं झाकून, चित्र म्हणून सुचवलाय. त्या वडिलांची लेखी परवानगी मागितली आहे, उत्तर यायचंय.

गणपा_मिरज
म्हणजे कॅनडा करत नाहीत तर.

गोदाकाठ
नाही हो. आणि भाच्याला सांगा, कॅनडाची ती लवकर निकाल लावणारी एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. कुणी तिच्या नावाने पैसे मागत असेल तर देऊ नका. दोन्ही नकाराची पत्रं घेऊन वेगळा धागा काढा, लिहितो तिथे.

इचलकरंजीची_आई
मुक्ता, त्या मॅडम एकदा नाकारलेली फाईल बघतात का? मुलगा परत अर्ज करायचं म्हणतोय, या वेळी इलेक्ट्रिकललाच.

मुक्ता_सां
बघतात काकू. इथे पत्ता दिला तर ॲडमिन धागा उडवतील, व्यनि केलाय. येताना नकाराचं पत्र आणि आधीचं मोटिव्हेशन लेटर दोन्ही आणा.